धूळ साफ

केजच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत अबरारचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा-नवरीचे फोटो काय, सगळेच फोटोवाले काढतात. अबरारचं नाव झालं ते नवरा-नवरीच्या मागच्या डोंगरामुळे. आमच्याकडचे बालाघाटचे डोंगर दिवाळीनंतर दिसले तर दिसले. डोळ्यांना थोडेफार कळतात, पण कॅमेऱ्यात नुसती पांढुरकी पट्टी येते. आभाळ कुठं संपलं आणि डोंगर कुठं सुरू झाला, पत्ता लागत नाही. अबरार ती पट्टी कॉम्प्युटरवर घेऊन बसायचा आणि तासाभरात तिच्यातून घळी, कडे, उतारावरची झाडं बाहेर काढायचा. फोटो बघून सोयरेधायरे विचारायचे, "काय बे, महाबळेश्वरला गेलतात का?" आणि नवरदेव मिशीतल्या मिशीत हसायचा. तालुक्यात त्या कामाला नावच पडलं होतं, 'अबरारचा डोंगर'.

माणसाची स्तुती झाली की तो फुगतो, आणि अबरार तर फुगायला टपूनच बसलेला. दुकान आधी त्याच्या वडिलांचं, फकीरभाईंचं. ते अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुवायचे आणि मुलाला म्हणायचे, "जो दिख रहा है वही उतार, बेटा. ज्यादा अकल मत लगा." अबरारनं नेमकी तीच लावली आणि तिच्यावरच त्याचं घर चाललं. त्यामुळे वडिलांचं बोलणं त्याला फार आठवत नसे.

डिसेंबरात सत्यशीलाताईंचा फोन आला. नांदूरघाटच्या अलीकडं, डोंगराच्या बाजूला कोळदरा म्हणून वस्ती आहे, तिथं त्यांची दोन एकर तुती आणि रेशमाच्या अळ्यांची शेड. नवरा वारल्यावर बाईनं हा धंदा एकटीनं उभा केलेला. मदतीला सासू, सुंदरबाई. अळ्यांना दिवसातून तीनदा पाला घालायचा, कात टाकताना जपायचं, कोष धरला की हलक्या हातानं उतरवायचे. माहेरपणाला आलेल्या लेकीचं करावं तसं त्या दोघी त्या अळ्यांचं करायच्या.

"अबरारभाई, एक फोटो काढायचाय. शेताचा. मोठ्या कॅमेऱ्यानं."

"कशाला पाहिजे, ताई?"

"फायलीला. रेशीमची फाईल हाय."

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ते अबरारला फार उशिरा कळलं.

तो सकाळी साडेसातला मोटारसायकलवर पोचला. थंडी चांगली झोंबत होती. शेडपाशी एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्यावर चढून त्यानं लांबची लेन्स लावली. पुढं तुतीच्या ओळी, डाव्या हाताला शेड, आणि मागं तीनेक किलोमीटरवर डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी अमरसिंहांचं दगड फोडायचं खडी केंद्र. अमरसिंह म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या वाढदिवसाचे फलक, पुतण्याचं लग्न, नातवाचं जावळ, सगळं काम अबरारकडंच असायचं.

सत्यशीलाताई तुतीत जाऊन उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि उजवा हात लांब करून डोंगराकडं बोट दाखवलं.

"बोट कावून, ताई?"

"फायलीतल्या फोटोत तसंच ऱ्हातंय की."

त्यात अबरारला काही वावगं वाटलं नाही. योजनेच्या प्रत्येक फोटोत माणूस कशाकडं तरी बोट दाखवतोच. विहिरीकडं, शेततळ्याकडं, गोठ्याकडं. असले शेकडो फोटो त्यानं काढले होते. त्यानं दहा-बारा क्लिक केले, ट्रॉलीवरून उतरला आणि खिशातून पाकीट काढलं. त्याची रीतच होती ती. वही ठेवायचा नाही. ज्या पाकिटात फोटो घालून द्यायचा त्याच पाकिटावर आधी काम लिहून घ्यायचा, चार शब्दांत.

"बोला. काय काय पाहिजे त्यात?"

"शेत, शेड, डोंगर, धूळ, समदं साफ दिसलं पाहिजे," ताई म्हणाल्या. "मागच्या बारीला मोबाईलचं फोटो दिलतं, कुणाला काईच दिसंना. धुकं हाय म्हनले."

अबरारनं मांडीवर पाकीट धरून लिहिलं: सत्यशीलाताई. बारा बाय अठरा, दोन प्रती. शेत शेड डोंगर. धूळ साफ.

एवढंच लिहिलं. पेन खिशाला लावला, सुंदरबाईंनी दिलेला चहा घेतला आणि निघाला.

नंतर लग्नांची तिथ उघडली आणि पुढचे पाच दिवस त्याला मान वर करायला सवड मिळाली नाही. सहाव्या दिवशी दुपारी पाकीट हाताला लागलं. त्यावरचं अक्षर त्याचंच होतं आणि काम त्याच्या आवडीचं होतं. खुर्ची पुढं ओढून तो बसला.

आता हे काम कसं असतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर त्याची चूक कुणाला कळायची नाही. आधी त्यानं फोटोतला डोंगर तेवढा निवडून घेतला. शेताला हात लावायचा नव्हता, शेत जवळ होतं, स्वच्छ होतं. निवडलेल्या भागाला डीहेज दिलं. ती एक सरकपट्टी असते. उजवीकडं सरकवली की फोटोवरचा पांढुरका पडदा विरत जातो, काळं काळं होतं, रंग भरतो. तीसवर डोंगराची कड उमटली. पन्नासवर घळी दिसल्या. त्याच्यापुढं मात्र ही पट्टी जपून सरकवावी लागते, कारण डोंगर अंधारतो, फोटोत बारीक दाणे उठतात आणि माथ्यालगत आभाळात पांढरी झालर उमटते. नवशिके तिथंच फसतात. अबरार पंचावन्नवर थांबला, अंधारलेला भाग उजळून घेतला आणि माथ्याची झालर ब्रशनं हळूच पुसली.

मग क्लॅरिटी. सगळ्या फोटोचा उजेड-अंधार न वाढवता जिथल्या तिथं उठाव आणायचा. उतारावरचा एकेक खडक शेजारच्या सावलीपासून सुटा झाला.

शेवटी रंग. आणि इथं तो जरा अडखळला. लांबचा डोंगर हवेमुळे निळसर येतो. पडदा काढला की निळाई आणखी चढते, म्हणून नेहमी फोटोला थोडी ऊब द्यावी लागते, निळा कमी करावा लागतो. हा डोंगर निळा नव्हताच. पिवळट, मातकट होता, आणि सगळा सारखाही नव्हता. माथा बऱ्यापैकी उघडा आणि खाली पायथ्याला जाड थर, त्याला वरून सरळ कड, तुतीच्या रानापर्यंत पसरत आलेला. अबरारनं ऊब द्यायच्या ऐवजी थंडावा दिला, पिवळा उतरवला. 'आज रंग उलटाच हाय,' एवढंच मनाशी म्हणाला. पायथ्याचा थर काही केल्या हटेना, तेव्हा त्याला ईर्षा चढली. तेवढ्याच भागावर ब्रश फिरवून डीहेज आणखी ओढलं, दाणे उठले ते गुळगुळीत केले, पुन्हा उठाव दिला. दीड तास गेला. शेवटी खडी केंद्राचा पत्रा, उभा ट्रक आणि मागचं सीताफळीचं बन इतकं लख्ख आलं की झाडं मोजावीत. हिरवागार, धुतल्यासारखा डोंगर. पुढं तुती. तुतीत उभी बाई त्याच्याकडं बोट दाखवतेय.

त्यानं फरजानाला आतून बोलावून दाखवलं. बायकोनं पदराला हात पुसत बघितलं. "अच्छा है," ती म्हणाली. "लेकिन उधर तो ऐसा दिखता नहीं ना कभी."

"इसीलिए तो लोग आते हैं मेरे पास," अबरार म्हणाला आणि सेव्ह दाबलं.

मूळ फाईलवरच सेव्ह केलं. लग्नांची कामं तो मूळ ठेवून करायचा; असल्या एका फोटोच्या कामाला दोन-दोन फायली कोण ठेवणार, डिस्क आधीच नवरा-नवरींनी गच्च भरलेली. बाकीचे क्लिक पुसून टाकले. कॅमेऱ्यातलं कार्ड तर त्याआधीच लग्नाला लागलं होतं.

प्रती बीडहून छापून आल्या त्या सोमवारी सकाळी. नऊ वाजता सत्यशीलाताई दुकानात आल्या, नेहमीपेक्षा चांगलं लुगडं, हातात कापडी पिशवी, तिच्यात कागदं. दुकानात बाकावर तानाजी बसला होता, अमरसिंहांचा माणूस. नव्या वर्षाच्या फलकासाठी त्यांचा फोटो घेऊन आला होता. ताईंनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. अबरारनं पुठ्ठा घालून चिकटवलेलं पाकीट पुढं केलं.

"बघून घ्या, ताई. लई झकास आलाय."

"नगं. बगते मग." त्यांनी पाकीट पिशवीत घातलं, वरून पदर घेतला आणि बीडची गाडी पकडायला गेल्या.

अबरारला जरा राग आला. एवढं जीव ओतून केलेलं काम, आणि बाईनं उघडूनसुद्धा बघितलं नाही.

चार वाजता त्या परत आल्या. तानाजी कधीच गेला होता. त्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत.

"अबरारभाई," त्या म्हणाल्या, "माजी धूळ कुठं गेली?"

त्याला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच त्याला जड गेलं. खडी केंद्राची धूळ तीन वर्षं त्यांच्या तुतीवर बसत होती. पाल्यावर माती असली की अळी तोंड लावत नाही. लावलं तर सुस्तावते, चौथी कात टाकायच्या आधीच माना टाकते. पाला धुवावा तर ओल्या पाल्यानं रोग येतो. तीन बॅचा उकिरड्यावर गेल्या होत्या. केंद्राची परवानगी वाढवायची की बंद करायची, याची आज बीडला शेवटची सुनावणी होती. कुणी साहेब बघायला यायचा म्हटलं की आदल्या दिवशी केंद्र बंद व्हायचं, रस्त्यावर पाणी मारलं जायचं. म्हणून फोटो. कोवळ्या उन्हात धूळ वर न जाता रानालगतच दाटलेली असते, त्या वेळचा, चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो. त्यात त्या धुळीकडं बोट दाखवत उभ्या होत्या.

"साहेबासमोर पाकीट फोडलं. म्या स्वतः न बघता पुढं केलं. त्यांच्या वकिलानं हातात घेतलं अन् हसला. म्हनला, साहेब, बाईंनीच पुरावा आणलाय. केंद्र चालू हाय, ट्रक उभा हाय, अन् हवा बघा कशी हाय, मागची झाडं मोजून घ्या." त्यांनी नाकाला पदर लावला. "साहेबानं मला इचारलं, हा फोटो तुमीच दिला ना? म्या हो म्हनले. माजी सही झाली त्याच्यावर."

अबरारनं खणातून त्यांच्या नावाचं पाकीट शोधायला हात घातला आणि थांबला. पाकीट त्यांच्याच पिशवीत होतं. त्यांनी ते काढून काउंटरवर ठेवलं. त्याचं अक्षर वर होतं. धूळ साफ.

"तुमीच म्हनलात," तो पुटपुटला.

"म्या साफ दिसू द्या म्हनले."

दोघंही त्या दोन शब्दांकडं बघत राहिले. ट्रॉलीवरून उतरल्यावर ऐकलेलं वाक्य अबरारला आता जसंच्या तसं आठवलं, आणि त्यातलं आपण काय उचललं आणि काय सोडलं, तेही.

"मला सांगितलं असतं तर, ताई? कशासाठी हाय ते?"

"त्यांचं समदं काम तुमच्याकडं असतंय," त्या साधेपणानं म्हणाल्या. "तुमच्यावर भरवसा कसा ठिवावा?"

कळलं असतं तर आपण गेलोच असतो असं छातीवर हात ठेवून अबरारला म्हणवेना. लग्नाचं निमित्त सांगून टाळलं असतं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. लाज वाटली ती या गोष्टीची जास्त.

"शुक्रवारपर्यंत काय कागद द्यायचं ऱ्हायलं असंल तर द्या, म्हनलेत साहेब. मूळचा फोटो असंल की तुमच्याकडं?"

अबरारनं कॉम्प्युटर चालू केला, पण त्याचा हातच त्याला सांगत होता की काही मिळायचं नाही. फाईल एकच होती, हिरव्या डोंगराची. त्यानं कार्ड काढून लावलं, पुसलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. पाऊण तास पट्टी सरकत राहिली. त्या कार्डावर तीन लग्नं होऊन गेली होती. आल्या त्या हळदीच्या परड्या, अर्धी कापलेली एक नवरी, वरातीतला घोडा. धूळ आली नाही.

"उद्याच्याला परत काढू," तो म्हणाला. "मी येतो. फुकट येतो."

"आजपासून बंद ठिवलंय त्यांनी. मशिनीचं काम काढलंय म्हनं. निकाल लागूस्तोर न्हाई उडायची आता."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. त्या उठल्या नाहीत. अबरारनं तीच फाईल उघडली. डीहेजची पट्टी मधे शून्यावर होती. तिला उजवीकडं ओढता येतं तसंच डावीकडंही ओढता येतं. डावीकडं ओढली की पडदा परत येतो. त्यानं डोंगर निवडला आणि पट्टी हळूहळू डावीकडं नेली. झाडं पुसट झाली, घळी बुजल्या, डोंगर पांढुरक्यात बुडाला. त्यानं थंडावा काढून ऊब दिली, पिवळा चढवला, पायथ्याला ब्रशनं जाड केलं. पाच मिनिटांत डोंगर धुळीत गेला. दीड तास लागला होता काढायला.

सत्यशीलाताई उठून जवळ आल्या, पडद्याला नाक लागेल इतक्या. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं.

"आली का परत?"

अबरारला 'हो' म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. पण ती धूळ त्यानं पाहिली होती, ट्रॉलीवर उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांनी. तिला वरून सरळ कड होती, ती ट्रकच्या मागून उठून वाऱ्यानं तुतीकडं वळली होती, एका जागी फाटून पुन्हा जुळली होती. पडद्यावरची सगळीकडं एकसारखी होती, दुधात पाणी घातल्यासारखी. आणि जे त्यानं त्या दिवशी गुळगुळीत करून टाकलं होतं ते पट्टी उलटी फिरवल्यानं परत येत नव्हतं.

"न्हाई, ताई. ही मी घातलेली हाय."

"दिसती तर तशीच."

"दिसती. पण त्यांचा वकील मूळची फाईल मागणार. मग तुमी खोटा फोटो दिला म्हणतील. तुमच्यावरच उलटंल."

त्या मागं जाऊन बाकावर बसल्या. "म्हंजी खरी हुती ती काडली, अन् आता हाय ती खोटी," त्या म्हणाल्या. "चांगलं काम हाय तुमचं."

त्या गेल्यावर अबरारनं शटर अर्धं ओढलं आणि फरजानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिखके दो. जो किया वो लिखके दो." एवढंच. तिनं अमरसिंहांचं नाव काढलं नाही, यानंसुद्धा काढलं नाही.

गुरुवारी तो स्वतः बीडला गेला. शंभराच्या स्टँपच्या कागदावर टाईप करून घेतलं: सदर छायाचित्रातील डोंगरावरील धूळ मी, अबरार फकीर, यांनी कॉम्प्युटरवर काढून टाकली आहे, छायाचित्र काढले तेव्हा धूळ होती. सही करताना त्याला वाटलं होतं, जड जाईल. गेलं नाही. उलट बरं वाटलं, आणि साहेबांकडं जाईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"तुम्ही म्हणता, फोटोत फेरफार केला."

"हो, साहेब. पण धूळ काढली. घातली न्हाई."

"किती होती, ते आता कशावरून बघायचं? मूळ आहे?"

"न्हाई."

"मग मी काय करू, सांगा बरं. फेरफार केलेला फोटो मला धरता येत नाही. ना त्यांच्या बाजूनं, ना बाईंच्या." ते समजुतीनं बोलत होते. "म्हणजे धुळीचा पुरावाच राहिला नाही."

अबरार जिना उतरून खाली आला आणि एका झाडाखाली बराच वेळ उभा राहिला. वडिलांची आठवण झाली. अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन ते बोटांना लागलेला औषधाचा वास झटकत उभे राहायचे तसे.

केंद्राला पाच वर्षांची परवानगी वाढवून मिळाली. संक्रांतीच्या आत खडी वाहणारे पट्टे पुन्हा सुरू झाले. ताईंनी पुन्हा अर्ज करावा असं ज्यानं त्यानं सुचवलं. पण नव्या अर्जाची तारीख कधी लागायची, आणि लागली तरी फायलीत सगळ्यात वर काय होतं? त्यांचीच सही असलेला, त्यांनीच दिलेला स्वच्छ डोंगर. फेब्रुवारीत त्यांनी शेडमधल्या जाळ्या विकल्या. मार्चमध्ये तुती उपटायला मशीन बोलावलं.

अमरसिंहांनी अबरारचं काम बंद केलं असतं तर त्याला एक वेळ चाललं असतं. निदान आपण कुणाच्या तरी विरुद्ध उभे राहिलो असं तरी वाटलं असतं. तसं काही झालं नाही. एक दिवस ते स्वतःच दुकानात आले, हसत हसत बसले, चहा मागवला.

"अबरारभाई, तो फोटो मला पाहिजे. डोंगराचा. काय काढलाय राव!"

"तो देता येत न्हाई, दादा."

"कावून?"

"बाईंचा हाय."

अमरसिंहांनी मान डोलावली. राग नाही, काही नाही. "बरं," ते म्हणाले. "इमानदार माणूस हायस तू." त्यांच्या वकिलाकडं फायलीतली नक्कल होती. आठ दिवसांत नांदूरघाटच्या फाट्यावर फलक उभा राहिला, दुसरीकडून छापून आणलेला, वीस फूट रुंद. वर अमरसिंहांचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'आपला डोंगर, आपला अभिमान', आणि मागं तो हिरवागार बालाघाट, एकेक झाड सुटं. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत, माणसानं मोठ्या मनानं छापलेलं: छायाचित्र, अबरार, केज. फोन नंबरसुद्धा.

आणि तुतीत उभ्या सत्यशीलाताई. त्यांना कुणी काढलं नव्हतं. उजवा हात लांब करून, हसऱ्या नाही पण ताठ, त्या डोंगराकडं बोट दाखवत होत्या. या, बघा, आमचा डोंगर कसा आहे.

त्या नंबरवर फोन यायला लागले. लातूरवरून आला, अंबाजोगाईवरून आला. आमच्या लग्नाच्या फोटोत फाट्यावरच्यासारखा डोंगर पाहिजे. अबरार दोन महिने लग्नं घेत राहिला, पण डोंगर करून द्यायचा नाही. 'जो दिख रहा है' तोच द्यायचा, पांढुरका. गिऱ्हाईकं नाराज होऊन दुसरीकडं जायला लागली.

एप्रिलच्या अखेरीला ताई दुकानात आल्या. पुण्याकडं कुठंतरी एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं होतं, सुंदरबाईंना घेऊन चालल्या होत्या. तिथं द्यायला पासपोर्ट साइज फोटो पाहिजे होते. अबरारनं त्यांना पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. चेहरा फारच उतरला होता. त्यानं एकच क्लिक केला आणि कुठलीही पट्टी न हलवता फोटो छापायला टाकला. डोळ्यांखालचं काळं काळंच राहू दिलं.

यंत्रातून फोटो येईपर्यंत त्या काउंटरला टेकून उभ्या होत्या.

"अबरारभाई, येक काम सांगू?"

"सांगा की."

"फाट्यावरनं जाताना गाडीतली मानसं बगत्यात अन् मला वळकत्यात. म्हनत्यात, ती बगा, त्याच्यावर हाय ती. तानाजी तर म्हनला, बाई, आमच्या केंद्राची जाहिरात लई भारी केली तुमी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "धूळ परत येत न्हाई तर नगं येऊ दे. मला तेवढं काडा त्याच्यातनं. मला साफ करा."

अबरारनं फाईल उघडली. शेजारची तुती उचलून त्यांच्या बोटावर टाकली, मग हातावर, मग खांद्यावर, मग पदरावर. त्या वाकून बघत होत्या. पाच मिनिटांत रानात कुणी राहिलं नाही. नुसती हिरवी तुती आणि मागं लख्ख डोंगर.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," त्या म्हणाल्या.

फलक काही त्याच्या कॉम्प्युटरात नव्हता. फलक फाट्यावर होता, लोखंडी खांबांना तारेनं आवळलेला, आणि तो वीस फुटांचा फ्लेक्स उतरवणं दोघांच्याही हातात नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी फोटोचं पाकीट उचललं, त्यावर काही लिहिलंय का ते उलटसुलट करून पाहिलं. आजकाल अबरार पाकिटावर काही लिहीत नसे. कोरं पाकीट त्यांनी पिशवीत घातलं आणि स्टँडकडं गेल्या.

फरजाना आतून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. सेव्ह करायचं का, असं कॉम्प्युटर विचारत होता.